विश्लेषण : शब्द माहीत असूनही इंग्रजी ध्वनिफीत का कळत नाही?

ध्वनिफितीतली बाई सांगते की बस ‘टेन टू टेन’ला सुटते. म्हणजे दहाला दहा कमी, ९ वाजून ५० मिनिटांनी. परीक्षार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो, १०.१०. त्याला ‘टेन’ माहीत आहे, ‘टू’ माहीत आहे आणि घड्याळ तर प्राथमिक शाळेपासून येते. तरीही गुण गेला. नंतर छापील संहिता समोर आली की तो कपाळावर हात मारतो : ‘अरे, हे तर येत होतं!’ मग क्लासमधला सल्ला ठरलेला असतो. आणखी ऐका, शब्दसंग्रह वाढवा, इंग्रजी मालिका बघा. या सल्ल्यात चूक फारशी नाही, पण तो दुखण्यावरचा उपाय नाही. दुखणे शब्द न येण्याचे नाही. येणारा शब्द वाक्यात शिरला की कोणत्या रूपात कानावर पडतो, हे कुणी सांगितलेलेच नसते.

पणाला काय लागते?

परदेशी शिक्षण, नोकरी किंवा स्थलांतरासाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस या परीक्षेचा श्रवणाचा भाग साधारण अर्ध्या तासाचा असतो. चार भाग, ४० प्रश्न आणि प्रत्येक ध्वनिफीत एकदाच ऐकू येते. परीक्षा घेणाऱ्यांनीच जाहीर केलेल्या सरासरीनुसार ४० पैकी २३ उत्तरे बरोबर आली तर सहा बँड आणि ३० आली तर सात. प्रश्नपत्रिकेनुसार यात थोडा फरक पडतो, पण अंतर ढोबळमानाने सात उत्तरांचे आहे. ब्रिटनमध्ये काम करू इच्छिणाऱ्या परिचारिकांना तिथल्या नोंदणी परिषदेसाठी श्रवणात सात बँड लागतात. वर्षानुवर्षे रुग्णालयात काम केलेली, वाचनात उत्तम गुण मिळवणारी मुलगी श्रवणात साडेसहावर अडकते आणि परीक्षेचे भरमसाट शुल्क पुन्हा भरते, ते अनेकदा अशाच चार-पाच ‘येत असलेल्या’ उत्तरांपायी.

‘दुबळी रूपे’ म्हणजे काय?

इंग्रजीत सुमारे चाळीस छोटे शब्द असे आहेत की ज्यांना दोन उच्चार असतात. एक ठसठशीत, शब्दकोशात पहिल्यांदा शिकलेला. दुसरा दुबळा, म्हणजे वाक्यात घाईने उरकलेला. ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑफ’, ‘ॲट’, ‘फ्रॉम’, ‘अँड’, ‘कॅन’, ‘हॅव’, ‘हिम’, ‘देम’ ही त्यातली नेहमीची मंडळी. गंमत अशी की आपण शिकतो तो ठसठशीत उच्चार बोलण्यात क्वचित येतो. दुबळा उच्चार हाच नेहमीचा असतो.

हे रोमन लिपीत दाखवणे अवघड, पण देवनागरीत सोपे आहे. कारण दुबळ्या रूपात जो स्वर उरतो तो जवळपास आपला ‘अ’ आहे, आणि देवनागरीतल्या प्रत्येक व्यंजनात तो आधीच मुरलेला असतो. ‘टू’चा उरतो फक्त ‘ट’. ब्रिटिश बोलण्यात ‘फॉर’चा ‘फ’ होतो. ‘ॲट’चा ‘अट्’, ‘फ्रॉम’चा ‘फ्रम्’, ‘कॅन’चा ‘कन्’. ‘अँड’ची तर इतकी वाताहत होते की पुष्कळदा नुसता ‘न्’ राहतो. ‘हिम’ आणि ‘हर’ यांचा ‘ह’ वाक्याच्या मध्ये गळतो, म्हणून ‘टेल हिम’ कानाला ‘टेलिम्’ लागते. ‘ऑफ’चा ‘अव्’ होतो आणि ‘हॅव’चाही ‘अव्’च होतो. त्यामुळे ‘शुड हॅव’ लिहायच्या जागी ‘शुड ऑफ’ लिहिणारे लोक खुद्द इंग्लंड-अमेरिकेत ढिगाने सापडतात. ते कानाने ऐकलेले लिहितात आणि आपण डोळ्याने वाचलेले ऐकायला जातो.

यात एक नियम परीक्षार्थीच्या थेट कामाचा आहे. अंक कधीही दुबळा होत नाही. ‘दोन’ या अर्थाचा ‘टू’ आणि ‘चार’ या अर्थाचा ‘फोर’ वाक्यात कुठेही आले तरी पूर्ण उच्चारले जातात. म्हणून भरधाव बोलण्यात ‘टू’ असा भरीव आवाज आला की तो बहुतेक आकडा, आणि नुसता ‘ट’ आला की तो शब्दयोगी ‘टू’. ‘टेन्-ट-टेन्’ म्हणजे ९.५०. ‘टेन्-टू-टेन्’ असे तीन सारखे ठोके पडले तर तो दूरध्वनी क्रमांकातला दहा-दोन-दहा. ज्याच्या कानाला तो चिमुकला ‘ट’ अपेक्षितच नाही, त्याला फक्त ‘टेन... टेन’ ऐकू येते आणि तो १०.१० लिहून मोकळा होतो. ‘टेन पास्ट टेन’ असते, तर मध्ये ‘पास्ट’चा भरीव आवाज आला असता, हे त्या क्षणी कोण लक्षात घेणार?

सगळीकडे दुबळे रूपच येते असेही नाही. हाच शब्द वाक्याच्या शेवटी आला की पुन्हा सरळ उभा राहतो. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ यात ‘फ्रॉम’ पूर्ण ऐकू येतो. जोर देऊन विरोध दाखवायचा असेल तेव्हाही तसेच. ‘इथून नव्हे, इथपर्यंत’ असे म्हणताना ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ दोन्ही ठणठणीत येतात. हा अपवाद तापदायक वाटला तरी उपयोगाचा आहे. मधोमध असलेला छोटा शब्द अचानक ठळक ऐकू आला, तर बोलणाऱ्याला तिथे काहीतरी दुरुस्त करायचे आहे असे समजावे. परीक्षेच्या ध्वनिफितीत अशा दुरुस्तीवर हमखास प्रश्न असतो.

मराठीत असे होत नाही का?

होते, आणि भरपूर होते. ‘काय करतो आहेस’ असे कुणी बोलत नाही. ‘काय करतोयस’ म्हणतात. ‘नको आहे’चे ‘नकोय’, ‘झाले आहे’चे ‘झालंय’ होते. ‘आहे’सारखे क्रियापद एका ‘य’वर येऊन थांबते, पण मराठी माणूस अडखळत नाही, कारण ते रूप त्याने कानाने आधी शिकले आणि पुस्तकातले ‘आहे’ नंतर पाहिले. पुस्तकावरून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला पुण्याच्या रिक्षात बसवले की त्याची जी अवस्था होते, तीच आपली इंग्रजी ध्वनिफितीसमोर होते.

फरक एवढाच की मराठीत ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘साठी’ यांचे स्वर सहसा शाबूत राहतात. प्रत्येक अक्षराला थोडीफार जागा मिळते. इंग्रजी बोलणारा मात्र जोर असलेल्या अक्षरांवर पाय ठेवत चालतो आणि मधली अक्षरे चेपून टाकतो. आपल्या शाळांमध्ये ऐकू येणारे इंग्रजी मराठी चालीचे असते. शिक्षक ‘टू’, ‘फॉर’, ‘ॲट’ स्वच्छ म्हणतात आणि वर्गात कळण्यासाठी ते चांगलेच आहे. मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले २००० साली. म्हणजे आज परीक्षेला बसणारे बहुतेक जण पहिलीपासून इंग्रजी शिकलेले आहेत. पण ते शिकले डोळ्यांनी. कानाचा अभ्यासक्रम सुरूच झाला नाही.

आणि जोड? संधी तर आपण शाळेतच शिकलो

दुबळ्या रूपांचे जुळे भावंड म्हणजे शब्दांची जोड. इंग्रजीत एका शब्दाच्या शेवटी व्यंजन आणि पुढच्याच्या सुरुवातीला स्वर आला, की व्यंजन पुढे उडी मारते. ‘टर्न इट ऑफ’ हे तीन शब्द ‘टर्-नि-टॉफ’ असे ऐकू येतात. ‘ॲन अवर अँड अ हाफ’ हे ‘अ-नाव-रन-हाफ’सारखे काहीतरी होते. शब्दांच्या मधली रिकामी जागा ही कागदावरची सोय आहे. आवाजात ती नसते.

मराठी शाळेत शिकलेल्याला हे नवे वाटू नये. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो, सत् आणि जन मिळून सज्जन. व्याकरणाच्या तासाला यालाच संधी म्हणत आणि ‘संधी सोडवा’ असा प्रश्न येई. इंग्रजी माणूस तोंडात तेच करतो, फक्त कागदावर लिहीत नाही. जगदीशमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘त्’ मऊ होऊन ‘द्’ झाला. अमेरिकन बोलण्यात ‘गेट इट’मधला ‘ट’ दोन स्वरांमध्ये सापडतो आणि ‘ड’सारखा होऊन ‘गेडिट’ ऐकू येते. ‘टेन बॉइज’ म्हणताना पुढच्या ‘ब’साठी ओठ आधीच मिटतात आणि ‘टेम्बॉइज’ होते. ‘डिड यू’चे ‘डिजू’ होते. ‘गो ऑन’ म्हणताना दोन स्वरांच्या मध्ये नकळत ‘व’ शिरतो. यातला कोणताही बदल आळशीपणा नाही किंवा गावंढळपणाही नाही. सुशिक्षित वृत्तनिवेदकही हेच करतो.

ब्रिटिश बोलण्यातली आणखी एक खोड माहीत असलेली बरी. तिथे बहुतेक भागांत ‘फॉर’, ‘कार’, ‘मदर’ यांचा शेवटचा ‘र’ एरवी उच्चारत नाहीत, पण पुढे स्वर आला की तो जागा होतो. त्यामुळे ‘फॉर ॲन अवर’ हे ‘फ-र-नावर’ ऐकू येते. सवय इतकी अंगवळणी पडली आहे की जिथे लिहिण्यात ‘र’ नाही तिथेही तो येतो. ‘लॉ अँड ऑर्डर’चे ‘लॉरन् ऑर्डर’ होते. मग ‘लॉरन’ नावाचा कुणी इसम वाक्यात आला, असे ऐकणाऱ्याला वाटू शकते.

एक वाक्य सोडवून पाहू

परीक्षेच्या पहिल्या भागात शोभेल असे एक वाक्य घेऊ : ‘द बस लीव्ह्ज ॲट टेन टू टेन, अँड यू कॅन पिक अप अ टिकिट फ्रॉम द ऑफिस ऑपोझिट.’ बस ९.५० ला सुटते आणि समोरच्या कार्यालयातून तिकीट घेता येईल. एकूण १८ शब्द. त्यातले नऊ, म्हणजे निम्मे, दुबळे होणारे : द, ॲट, टू, अँड, यू, कॅन, अ, फ्रॉम आणि पुन्हा द. सहज बोलणारा माणूस हे पाचेक सेकंदांत संपवतो.

कानावर पडते ते साधारण असे : ‘द-बस्-लीव्-झ-टेन्-ट-टेन्, न्यु-कन्-पि-क-प-टिकिट्-फ्रम्-दि-ऑफि-सॉपझिट्.’

आता एकेक गाठ सोडवू. ‘लीव्ह्ज’चा शेवटचा आवाज पुढच्या ‘ॲट’ला चिकटला. ‘ॲट’चा ‘ट्’ आणि ‘टेन’चा ‘ट’ शेजारी आले, त्यामुळे दोन्ही मिळून एकदाच उच्चारले गेले. म्हणजे ‘ॲट’ या शब्दाचे उरले काय? ‘झ’ या अक्षरात मुरलेला ‘अ’. तेवढाच. ‘टू’चा ‘ट’ झाला. ‘अँड’चा ‘ड’ गळला आणि ‘न्’ पुढच्या ‘यू’ला चिकटून ‘न्यु’ झाले, जे ऐकून कुणाला ‘नवा’ या अर्थाचा शब्द आठवावा. ‘पिक अप अ’ यांच्यात दोन उड्या आहेत. ‘क’ पुढच्या शब्दात गेला, ‘प’ त्याच्या पुढच्या. ‘अ’ हा स्वतंत्र शब्द ‘प’च्या पोटात गडप झाला. शेवटी ‘ऑफिस’चा ‘स’ ‘ऑपोझिट’च्या डोक्यावर बसला आणि ‘सॉप’ असा आवाज तयार झाला.

इथे सापळा लागतो. तिकीट कुठे मिळेल, या रिकाम्या जागेपुढे बसलेला परीक्षार्थी ‘टिकिट’ ऐकतो, ‘सॉप’ ऐकतो आणि ‘शॉप’ लिहितो. तिकीट दुकानात मिळते हे तर्काला धरूनही आहे. चूक लक्षात येण्याचा मार्गच उरत नाही. ‘ऑफि’ हा तुकडा त्याच्या कानावरून गेलेला असतो, पण शेवटचा ‘स’ नसल्याने तो शब्द म्हणून ओळखलाच जात नाही.

जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचा कान इथे काय करतो, यावर ॲन कटलर यांनी बराच अभ्यास केला. १९८७ मध्ये त्यांनी आणि डेव्हिड कार्टर यांनी दाखवले की इंग्रजी संभाषणातल्या आशयाच्या शब्दांपैकी जवळपास ९० टक्के शब्दांची सुरुवात जोरकस, पूर्ण स्वराच्या अक्षराने होते. म्हणून इंग्रजी कान जोरकस अक्षर ऐकले की तिथे नवा शब्द सुरू झाला, असे गृहीत धरतो. ‘सॉप’मध्ये जोर ‘ऑ’वर आहे. त्या आधीचा ‘स’ मागच्याचा असू शकतो, ही शंका त्या कानाला आपोआप येते. आपल्या कानाला ती मुद्दाम शिकवावी लागते.

एका ‘ट’वरून होकाराचा नकार

सर्वांत महागडी चूक मात्र ‘कॅन’ आणि त्याच्या नकाराची आहे. आपण शाळेत शिकतो की शेवटी ‘ट’ ऐकू आला तर नकार. प्रत्यक्षात पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल, तर तो ‘ट’ ऐकूच येत नाही. जीभ जागेवर जाते, पण आवाज सुटत नाही. मग फरक कळतो कशावरून? स्वरावरून. होकाराचा ‘कॅन’ वाक्याच्या मध्ये दुबळा होऊन ‘कन्’ होतो. नकार कधीही दुबळा होत नाही. ब्रिटिश उच्चारात तो ‘कान्ट’ असा लांब ‘आ’चा असतो, त्यामुळे निभावते. अमेरिकन उच्चारात तो ‘कॅन्ट’ असतो आणि ‘ट’ न सुटल्यामुळे ‘कॅन्’ एवढाच उरतो.

म्हणजे अमेरिकन माणूस ‘आय कन् मीट यू ऑन मंडे’ म्हणाला तर तो सोमवारी भेटणार आहे आणि ‘आय कॅन् मीट यू ऑन मंडे’ असे ऐकू आले तर बहुधा भेटणार नाही. मराठी माणूस स्वतः होकारासाठी भरीव ‘कॅन’ म्हणतो. त्यामुळे त्याला दुसरे वाक्य स्वच्छ होकार वाटतो. उलट बाजूनेही गोंधळ होतो. आपला भरीव ‘कॅन’ ऐकून पलीकडच्याला नकाराचा भास होतो. कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी केलेल्यांना हा अनुभव वेगळा सांगायला नको. अपवाद पुन्हा तोच. ‘येस, आय कॅन’ असे वाक्य तिथेच संपले, तर तिथला भरीव ‘कॅन’ होकाराचाच.

वेग कमी करून ऐकले तर?

हा पहिला उपाय प्रत्येकाला सुचतो आणि मोबाइलवर ते एका बोटाचे काम आहे. त्याने विचार करायला वेळ मिळतो, हे खरे. पण हरवलेला आवाज परत येत नाही. वेग पाऊणपट केला तरी ‘ट’चा ‘टू’ होत नाही, ‘ट’च जरा लांबतो. जे उच्चारलेच नाही ते ताणून ऐकू येणार कसे? इंग्रजी मथळे लावून मालिका पाहणेही असेच फसवे. डोळा शब्द वाचतो आणि कानाला वाटते आपणच ऐकले. मथळे बंद केले की पितळ उघडे पडते.

‘ब्रिटिश लोक अस्पष्ट बोलतात’ ही तक्रारही तपासून पाहिली पाहिजे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्विन पोलॅक आणि जे. एम. पिकेट या अमेरिकन संशोधकांनी ओघातल्या बोलण्यातून एकेक शब्द कापून काढला आणि तो इंग्रजीभाषक श्रोत्यांनाच सुटा ऐकवला. त्यांनाही साधारण निम्मेच शब्द ओळखता आले. आजूबाजूचे शब्द जोडत गेले तसे ओळखणे सोपे होत गेले. म्हणजे अस्पष्टता सर्वांसाठीच आहे. ऐकणाऱ्याचा मेंदू अपेक्षेने गाळलेल्या जागा भरतो, आणि अपेक्षा बरोबर असायला तिथे ‘टू’ऐवजी ‘ट’ येतो हे आधी ठाऊक असावे लागते.

मग सराव कसा करायचा?

श्रवण हा विषय तपासला जातो, शिकवला जात नाही, अशी टीका जॉन फील्ड यांच्यासारखे अभ्यासक बरीच वर्षे करत आले आहेत. बहुतेक वर्गांत ध्वनिफीत लावतात, उत्तरे तपासतात, गुण मोजतात आणि पुढची ध्वनिफीत लावतात. चूक का झाली, ते विचारत नाहीत. २५ सराव चाचण्या सोडवून पहिल्या आणि पंचविसाव्या चाचणीत सारखेच गुण पडतात, ते यामुळे. एकच चाचणी घेऊन तिची चिरफाड करणे जास्त फायद्याचे आहे.

त्यासाठी पाच ते आठ सेकंदांचा तुकडा पुरे. संहिता उपलब्ध असलेली ध्वनिफीत घ्यावी. केंब्रिजच्या आयईएलटीएस सराव-पुस्तकांत ती मागे छापलेली असते. तुकडा तीनदा ऐकून, वेग न बदलता, जे ऐकू आले ते सगळे लिहून काढावे. शब्द कळला नाही तिथे आवाज देवनागरीत लिहावा, ‘सॉप’ तर ‘सॉप’. अर्थ लावायची घाई करू नये. मग संहिता उघडावी आणि प्रत्येक चुकीला एकच प्रश्न विचारावा : हा शब्द वाचल्यावर मला माहीत होता का? माहीत नसेल तर तो शब्दसंग्रहाचा प्रश्न, शब्दकोश उघडा. माहीत होता, पण ऐकू आला नाही, तर तो कानाचा प्रश्न. दोन्हींची वेगवेगळी मोजदाद आठवडाभर ठेवली तर आपले दुखणे कुठे आहे ते कळते. ते बहुतेकांना अनपेक्षित ठिकाणी सापडेल.

कानाच्या चुकांसाठी संहितेतल्या त्या जागेखाली खरा आवाज देवनागरीत लिहावा आणि कागद उलटा ठेवून तोच तुकडा पुन्हा ऐकावा. ‘झ-टेन्-ट-टेन्’ एकदा डोळ्यासमोर आले की पुढच्या वेळी ते लपत नाही. नंतर त्याच वेगात आपणही म्हणून पाहावे. बोलणे सुधारण्यासाठी नव्हे, तर पाच सेकंदांत अठरा शब्द बसवायचे तर काय काय गिळावे लागते हे जिभेला कळावे म्हणून. एखाद्या शब्दाला दुबळे रूप आहे की नाही याची शंका असेल तर केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश अशा शब्दांपुढे ‘स्ट्राँग’ आणि ‘वीक’ असे दोन्ही उच्चार देतो. रोज पंधरा मिनिटे पुरतात. तासभर बसून दहा तुकडे घासले तर कान बधिर होतात आणि काहीही काहीही ऐकू येऊ लागते.

हे कुठे उपयोगी पडत नाही?

शब्दच माहीत नसेल तर जोड सोडवून काही हाती लागत नाही. चौथ्या भागातल्या व्याख्यानात खडकांच्या किंवा मधमाश्यांच्या विषयातले अनोळखी शब्द येतात. तिथे शब्दसंग्रह आणि विषयाची जाणच लागते. दुसरे म्हणजे उच्चारांच्या चाली अनेक आहेत. अमेरिकन माणूस ‘फॉर’चा ‘र’ सोडत नाही, म्हणून त्याचे दुबळे रूप ‘फर्’ होते. स्कॉटिश किंवा ऑस्ट्रेलियन स्वर आणखी वेगळे. वर दिलेले देवनागरी उच्चारही जवळपासचेच आहेत. इंग्रजी ‘ट’ आपल्या ‘ट’पेक्षा दातांच्या बराच जवळ उच्चारला जातो.

रिचर्ड कॉल्डवेल यांनी इंग्रजी बोलण्याच्या तीन पातळ्यांसाठी काचघर, बाग आणि जंगल अशा उपमा वापरल्या आहेत. काचघरात सुटे, जपलेले शब्द. बागेत नियमाने एकमेकांना जोडलेले. जंगलात कुणाचे पान कुठल्या फांदीचे ते कळत नाही. परीक्षेच्या ध्वनिफिती संहितेवरून, स्टुडिओत बोललेल्या असतात. त्या बहुतांशी बागेत मोडतात, म्हणूनच तिथे हे नियम इतके लागू पडतात. मँचेस्टरच्या वॉर्डात रात्रपाळी सोपवताना सहकारी जे बोलेल ते जंगल असेल. तिथे एकच सोय अधिक आहे. पुन्हा विचारता येते.

राहिला प्रश्न स्वतः तसे बोलण्याचा. काही क्लास ‘वाना’, ‘गॉना’च्या याद्या पाठ करून घेतात आणि त्याला परदेशी उच्चाराचे प्रशिक्षण म्हणतात. त्याची गरज नाही. आयईएलटीएसच्या संभाषणात उच्चार समजण्याजोगा आहे का हे पाहतात. तो इंग्लंडचा आहे का हे पाहत नाहीत. ‘टू’ आणि ‘फॉर’ स्वच्छ म्हणणारे आपले इंग्रजी जगात अनेकांना कळायला सोपेच जाते. अपवाद करायचाच तर एका ‘कॅन’चा करावा. होकार देताना तो ‘कन्’ म्हणावा, किंवा सरळ ‘येस’ म्हणून मोकळे व्हावे.